बिल पूर्ण, देणे कमी

सांगलीतल्या एका इलेक्ट्रिकल दुकानदाराने पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून डिसेंबरात 200 एलईडी बल्ब घेतले, असे समजू. भाव नगाला 250 रुपये. माल 50,000 रुपयांचा, त्यावर 18 टक्के जीएसटी 9,000, एकूण बिल 59,000. दुकानदाराने ते चुकते केले. मग 24 बल्ब लुकलुकतात असे दिसले आणि ते परत गेले. व्यापाऱ्याने 6,000 रुपयांचा माल व त्यावरचा 1,080 रुपये कर मिळून 7,080 रुपयांची क्रेडिट नोट काढली. आता जानेवारीत 30,000 रुपयांचा नवा माल जायचा आहे. ही रक्कम त्यात कशी वळती होणार, हे दुकानदाराला मेलने कळवायचे आहे.

बहुतेक मेलमध्ये एकच ओळ असते: “तुमचे पैसे पुढच्या बिलात कमी करून देऊ.” घोळ इथेच सुरू होतो, कारण बिलातून काहीच कमी करायचे नसते. नव्या मालाची किंमत आधीच्या मालाच्या दोषामुळे घटत नाही. जानेवारीचे बिल पूर्ण 30,000 अधिक 5,400 कर, म्हणजे 35,400 रुपयांचेच निघते. कमी होते ते दुकानदाराचे देणे: 35,400 वजा 7,080, म्हणजे 28,320 रुपये.

कोणी म्हणेल, बिलातच 6,000 वजा करून 24,000 वर कर लावला तरी बेरीज 28,320 च येते. येते खरी, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. पण नव्या मालावर 5 टक्केच कर असेल तर? वजावट बिलात केली तर 24,000 अधिक 1,200, म्हणजे 25,200 रुपये द्यावे लागतात. नीट हिशेबाने बिल 31,500 रुपयांचे आणि देणे 24,420 रुपये. दुकानदाराचे 780 रुपये गेले, कारण परत गेलेल्या बल्बवर त्याने भरलेला 18 टक्के कर त्याला 5 टक्क्यांनीच परत मिळाला. शिवाय 30,000 चा माल बिलावर 24,000 चा दिसतो, हे वेगळेच.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे बिलातही वजा आणि क्रेडिट नोटही लेजरला जमा. तेव्हा देणे 28,320 ऐवजी 21,240 दिसते आणि दोन्हीकडचे अकाउंटंट एकमेकांना फोन करत बसतात.

म्हणून मेलमध्ये मूळ बिल, क्रेडिट नोट आणि नवे बिल ही तिन्ही कागदपत्रे क्रमांक व तारखेसह यावीत आणि वजाबाकी उघड मांडावी. अशी:

“नमस्कार. 12 डिसेंबर 2025 च्या बिल क्र. 412 मधले 24 एलईडी बल्ब आमच्या गोडाऊनला पोचले व मोजून घेतले. त्यांची क्रेडिट नोट क्र. 17, दि. 8 जानेवारी 2026, सोबत जोडली आहे: माल 6,000, जीएसटी 1,080, एकूण 7,080 रुपये. बिल क्र. 412 चे पैसे तुम्ही पूर्ण दिले असल्याने ही रक्कम तुमच्या खात्यात जमा आहे. येणारे बिल पूर्ण 35,400 रुपयांचेच असेल. त्यातून 7,080 वजा करून कृपया 28,320 रुपये पाठवावेत. बिलात वेगळी वजावट केलेली नाही. 1,080 रुपयांचे इनपुट क्रेडिट तुमच्याकडे घेतले असल्यास तेवढे कमी करावे.”

शेवटचे वाक्य अनेक जण गाळतात. दुकानदाराने 9,000 रुपयांच्या कराचे क्रेडिट आधीच घेतलेले असते, आणि व्यापारी आपला कर 1,080 ने तेव्हाच कमी करू शकतो, जेव्हा समोरचा तेवढे क्रेडिट सोडतो. क्रेडिट नोट जीएसटी पोर्टलवर दुकानदाराला दिसते. काय आहे ते कळले नाही म्हणून त्याने ती नाकारली, तर कराचा बोजा पुन्हा व्यापाऱ्यावर येतो. मेलमधला क्रमांक आणि पोर्टलवरचा क्रमांक एकच असला की तो ती निर्धास्तपणे स्वीकारतो.

मुदतही असते. 2025-26 मधल्या विक्रीची क्रेडिट नोट 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर तोवरच, रिटर्नमध्ये दाखवता येते. त्यानंतर व्यापारी मालाचे पैसे सोडू शकतो, पण सरकारला भरलेला कर त्या नोटेने कमी होत नाही. अशा वेळी मेलमध्ये 7,080 लिहायचे की 6,000, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

आणि पुढचे बिल 5,000 रुपयांचेच निघाले तर? ते पूर्ण वळते होऊन 2,080 रुपये शिल्लक राहतात. ती शिल्लक त्याच मेलमध्ये आकड्यानिशी लिहावी आणि पुढच्या बिलात वळवायची की बँकेत परत हवी, हे दुकानदारालाच विचारावे.