एक किलो रुईचा जमाखर्च

‘सूर्यप्रकाशाच्या उपस्थितीत, हरितद्रव्याच्या साहाय्याने, हिरव्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून कर्बोदके तयार करतात आणि ऑक्सिजन मुक्त करतात, या क्रियेस प्रकाशसंश्लेषण असे म्हणतात.’ शालेय विज्ञानात ही व्याख्या थोड्याफार फरकाने अशीच भेटते. तीत चूक काहीही नाही. तरीही दहा वर्षांची नात ती घडाघडा म्हणून दाखवते आणि लगेच विचारते, “आजोबा, झाड माती खाऊन मोठं होतं ना?” अर्थात, व्याख्या पाठ झाली, पण तिने जे सांगावयाचे ते सांगितलेच नाही.

ही व्याख्या उलट्या क्रमाने सांगावी, असे माझे मत आहे. ती प्रकाशापासून निघते आणि वस्तूपाशी पोहोचते. मुलाने मात्र वस्तूपासून निघावे, आणि ते अवघड नाव अगदी शेवटी यावे. कळंबसारख्या कापसाच्या मुलखात ती वस्तू शोधावयास लांब जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास बाजारात कापूस येऊ लागतो. सरकी निघाली की रुई उरते. रुई हे प्रकाशसंश्लेषणाचे फार स्वच्छ उदाहरण होय, कारण ती जवळजवळ संपूर्णपणे सेल्युलोज या एकाच कर्बोदकाची बनलेली असते.

तेव्हा एक किलो रुई मुलासमोर ठेवावी आणि व्यापाऱ्याच्या घरात शोभेल असा प्रश्न विचारावा : “हा माल आला. मग याचा कच्चा माल कुठून आला?”

मूल म्हणेल, मातीतून. येथे उत्तर सांगू नये. रुईची एक वात मोठ्यांनी धातूच्या वाटीत, तेलाशिवाय, पूर्ण जळू द्यावी. मातीतून आलेली खनिजे जळून नाहीशी होत नाहीत, ती राख होऊन मागे राहतात. आणि राख किती उरते? शंभर ग्रॅम रुईमागे एखाद-दीड ग्रॅम. मातीचा वाटा तेवढाच.

“मग पाण्यातून?” हा पुढचा अंदाज मोठा नामांकित आहे. व्हॅन हेल्माँट या युरोपीय वैद्याने सुमारे नव्वद किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली, तीत विलो वृक्षाचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड सुमारे ७५ किलो वाढले. मातीत मात्र जेमतेम ५७ ग्रॅमची घट आली. झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आले. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द त्याचाच, आणि कोळसा जळताना निघणाऱ्या ज्या वायूचा तो अभ्यास करीत होता, तोच वायू त्याच्या झाडाचा दुसरा कच्चा माल होता. दोन्ही गोष्टी त्याच्या हातात होत्या. त्यांची गाठ मात्र त्याला घालता आली नाही.

मुलाची अडचणही तीच असते. हवेला वजन असते, हे त्याला पटलेले नसते. आणि ज्याला वजन नाही त्यापासून किलोभर रुई कशी व्हावी? व्याख्या येथे ‘कार्बन डायऑक्साइड’ एवढा शब्द देऊन पुढे निघून जाते. आपण मात्र थांबावे. सोड्याची बंद बाटली एकेक ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर तोलावी. मग बूच अगदी हळू सैल करून वायू जाऊ द्यावा, मधूनमधून बाटली हलवावी, आणि अर्ध्या तासाने बुचासह पुन्हा तोलावी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन-तीन ग्रॅमची घट दिसते. ते वजन उडून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. बाटली थंडगार घेतली तर तिच्यावर दव धरते व वजन उलट वाढते. फेस उतू गेला तर घट वायूची नव्हे, पाण्याची ठरते. पाच-पाच ग्रॅमची पायरी असलेल्या काट्यावर तर काहीच दिसणार नाही. म्हणून बाटली साधी, कोरडी, आणि काटा बारीक हवा.

एवढे झाले की जमाखर्च मांडता येतो. एक किलो सेल्युलोज बनविण्यास हवेतून सुमारे १६३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि मुळांवाटे आलेल्या पाण्यापैकी सुमारे ५५५ ग्रॅम खर्ची पडते. एकूण आवक २१८५ ग्रॅम. त्यातून रुई १००० ग्रॅम आणि ऑक्सिजन ११८५ ग्रॅम. बेरीज दोन्ही बाजूंना बरोबर जुळते. मुलाला विचारावे, हे १६३० ग्रॅम गोळा करावयास किती हवा लागेल? हवेत हा वायू दहा हजार भागांत जेमतेम चार भाग असतो. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीतील सगळ्या हवेत तो पंचवीस-सव्वीस ग्रॅमच निघेल. म्हणजे एक किलो रुईसाठी साठांहून अधिक खोल्यांतील हवा पानांनी गाळून घेतली. प्रत्यक्ष खरेदी याहूनही मोठी असते, कारण पाने, देठ, सरकी यांचा खर्च वेगळा. शिवाय झाड रात्रंदिवस श्वास घेते आणि बनविलेल्यातील काही भाग स्वतःच वापरून टाकते.

आता उरला सूर्यप्रकाश. ‘उपस्थितीत’ हा शब्द मला व्याख्येतील सर्वांत दुबळा वाटतो; जणू सूर्य मंडपात येऊन बसलेला पाहुणा आहे. घरोघरी दिली जाणारी ‘झाडाचा स्वयंपाक आणि उन्हाची चूल’ ही उपमाही फसवी आहे, कारण तिच्यामुळे मुलाला काम उष्णतेने होते असे वाटते. काम प्रकाशाने होते, आणि तो प्रकाश पकडते ते पानातील हिरवे द्रव्य. मजुरीची उपमा बरी, पण तीही अपुरी, कारण मजुरी दिली की संपते. प्रकाश झाडात ठेव म्हणून राहतो. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी चुलीत जाते, तेव्हा जो उजेड आणि जी धग बाहेर पडते ती उन्हाचीच परत मिळालेली ठेव. आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफही हवेत परत जातात. सारा व्यवहार उलटा फिरतो. चुलीपाशी बसून हे सांगितले तर मूल सहसा विसरत नाही.

मग व्याख्या मुलाच्या तोंडी अशी येऊ शकते : “झाड पानांनी हवेतला एक वायू घेतं, मुळांनी पाणी घेतं. पानातला हिरवा रंग उजेड पकडतो आणि त्या उजेडाच्या जोरावर दोन्ही जोडून झाड स्वतःचं अंग बनवतं. उरलेला ऑक्सिजन बाहेर सोडतं.” यात ‘अन्न’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. अन्न म्हटले की मुलाच्या डोळ्यांपुढे बाहेरून आणलेली, ताटात वाढलेली वस्तू येते.

तरीही एक प्रश्न येईलच, विशेषतः ज्या घरात कृषी केंद्र आहे तेथे : “झाड हवेतून बनतं, तर मग लोक युरियाची पोती कशाला नेतात?” उत्तर हिरव्या रंगातच आहे. युरियातून झाडाला नायट्रोजन मिळते, आणि ते हरितद्रव्याच्या रचनेतच असते. ते कमी पडले की कपाशीची खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यांच्यातील नायट्रोजन काढून नव्या पानांकडे पाठविते. उजेड भरपूर असतो, हवा असते, पाणीही असते. फक्त तो पकडणारा हात थिटा पडतो. खत हा रुईचा कच्चा माल नव्हे. तो कारखान्याच्या यंत्राचा सुटा भाग आहे, म्हणूनच थोडका लागतो, आणि जरुरीपेक्षा अधिक टाकल्याने रुई त्या प्रमाणात वाढत नाही.