गालाची रेघ, नथीची रेघ

क्रितामध्ये फोटोवरून रेखाचित्र गिरवताना फोटो खालच्या लेयरवर ठेवून त्याची ओपॅसिटी ३० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि लेयर लॉक करतात. रेघा वरच्या कोऱ्या लेयरवर. फोटो गडद राहिला, तर आपलीच रेघ दिसत नाही.

समजा, फोटो नथ घातलेल्या बाईचा आहे. गालाची लांब रेघ एका दमात, कोपरातून ओढायची. स्मूदिंगमध्ये ‘स्टॅबिलायझर’ निवडला की रेघ पेनामागून सावकाश येते आणि हाताची थरथर गळते. नथीच्या मोत्यांवर मात्र हाच स्टॅबिलायझर छोटी वळणं खातो. तिथे ‘बेसिक’ पुरे.

रेघेची जाडी उजेडावर ठरते: हनुवटीखाली जाड, कपाळावर बारीक. एकसारखी ठेवली तर चेहरा सपाट, थेट रंगभरणाच्या पुस्तकातला!

मधूनमधून फोटोचा लेयर बंद करून बघावा. नाक विचित्र दिसलं, तर बहुधा सावलीची कडच रेघ समजून गिरवलेली असते.