बदललेले डोळे आणि फोटोतला उजेड

ग्रुप फोटोत एखाद्याचे डोळे मिटलेले निघाले, तर त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे फोटोशॉपमध्ये तिथे बसवता येतात. समजा, मूळ फोटो संध्याकाळी मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली काढलेला आहे आणि डोळे अंगणात दुपारी काढलेल्या फोटोतून घेतले आहेत. असे डोळे जसेच्या तसे बसवले, तर ते परके दिसतात.

जुळवणीची सुरुवात डोळ्याच्या पांढऱ्या भागापासून करावी. हा भाग जवळपास रंगहीन असल्यामुळे उजेडाचा रंग तिथे स्पष्ट उमटतो. मूळ फोटोत त्याच उजेडात उभ्या असलेल्या शेजारच्या माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग आयड्रॉपरने मोजावा. तिथे लाल १७६, हिरवा १५८ आणि निळा १३२ असे आकडे आले आणि आणलेल्या डोळ्यात ते २०५, २०८ आणि २१२ असले, तर कर्व्हजमध्ये प्रत्येक रंग वेगळा उतरवावा. निळा सर्वांत जास्त उतरतो आणि डोळ्यावर दिव्यांचा पिवळेपणा येतो. पांढरा भाग मुळात शुभ्र नसतोच: वरच्या पापणीखाली सावली असते, कोपऱ्यात गुलाबी झाक असते. तो उजळवून एकसारखा केला, की डोळा काचेचा वाटू लागतो.

तोच कर्व्ह बुबुळालाही लागू होत असल्याने त्याचा रंग बराचसा आपोआप जुळतो. उरतो तो उजेडाच्या दिशेचा प्रश्न. तपकिरी बुबुळ सावलीत जवळजवळ काळे दिसते, तर बाजूने उजेड पडला की मधाच्या रंगाचे. दिव्याचा चमकता ठिपका ज्या बाजूला असतो, त्याच्या समोरची बुबुळाची कड जास्त उजळते. त्यामुळे अंगणातला ठिपका पुसून शेजाऱ्यांच्या डोळ्यांत दिसतो त्याच जागी नवा ठिपका ठेवावा आणि उजळ कडही त्यानुसार बदलावी.

शेवटी बाहुली. प्रौढ माणसाचे बुबुळ सुमारे १२ मिलिमीटर रुंद असते आणि ही रुंदी बदलत नाही, म्हणून ती मोजपट्टीसारखी वापरता येते. फोटोत बुबुळ ६० पिक्सेल असेल, तर ५ पिक्सेल म्हणजे १ मिलिमीटर. दुपारच्या उन्हातली ३ मिलिमीटरची बाहुली १५ पिक्सेल भरते. मांडवातल्या मंद उजेडात ती ५ मिलिमीटर, म्हणजे २५ पिक्सेल हवी. वेगळ्या लेयरवर मऊ कडेचे गडद वर्तुळ काढून ती वाढवावी आणि ठिपक्याचा लेयर त्याच्या वर ठेवावा. फोटो फ्लॅशने काढलेला असला तरी बाहुली मोठीच ठेवावी, कारण फ्लॅश संपेपर्यंत ती आकुंचन पावत नाही. गडद बुबुळात बाहुलीची कड दिसतच नसेल, तर ही पायरी गाळावी.

काम झाल्यावर फोटो लहान करून पाहावा. नजर आधी त्याच डोळ्यांकडे गेली, तर पांढरा भाग बहुधा अजून जास्त उजळ राहिलेला असतो.