आजोबांची आंबराई आणि चार धन्यांचा सरदार

सरंजामशाही म्हणजे काय, हे सातवी-आठवीतल्या मुलाला सांगायला बसलं की पहिली उपमा शाळेचीच सुचते. मुख्याध्यापक म्हणजे राजा, वर्गशिक्षक म्हणजे सरदार, मॉनिटर म्हणजे छोटा सरदार. मुलाला ती लगेच कळते आणि घोटाळा तिथेच होतो. मुख्याध्यापक मॉनिटरला थेट बोलावून काढून टाकू शकतात आणि शिक्षकांचा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत पडतो. मध्ययुगीन युरोपात नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या. राजाकडे पगार वाटायला पुरेसं नाणं नव्हतं आणि सरदाराच्या हाताखालच्या माणसापर्यंत त्याचा हुकूम सहसा थेट पोचत नव्हता.

त्यापेक्षा कोकणातली आंबराई बरी. समजा, आजोबांकडे हजार कलमं आहेत, पण रोकड नाही. वानरांपासून, चोरांपासून राखण तर हवी. मग ते थोरल्या काकाला म्हणतात, "ही दोनशे कलमं तू घे. आंबा खा नाहीतर वीक. पण वर्षाला चाळीस रात्री दहा गडी घेऊन राखणीला यायचं." काका एकटा दहा गडी कुठून आणणार? तो आपल्यातली वीस-वीस कलमं पाच जणांना लावून देतो आणि प्रत्येकाकडून दोन गड्यांचा शब्द घेतो. कलमांच्या जागी जमीन आणि गड्यांच्या जागी घोडेस्वार ठेवले की सरंजामशाहीचा सांगाडा उभा राहतो. चाळीसचा आकडाही उगाच घेतलेला नाही. अनेक ठिकाणी सरदाराने धन्यासाठी वर्षाला साधारण चाळीस दिवस लष्करी चाकरी करावी, असा रिवाज होता.

इथे थोडं थांबावं. चौकस मूल हमखास विचारतं, "आजोबांनी त्या पाचांतल्या एकाला परस्पर हाक मारली, तर तो येईल का?"

हाच प्रश्न युरोपातल्या राजांची झोप उडवत होता. त्या माणसाने शब्द दिलाय काकाला. काका आजोबांवर रुसला, तर तो कुणाच्या बाजूने उभा राहणार? 1066 साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने 1086 मध्ये सॉल्सबरीला मोठ्या जमीनदारांना जमवलं आणि ते कुणाचेही मांडलिक असले तरी त्यांच्याकडून स्वतःशी निष्ठेची शपथ घेतली. आजोबांनी पाचही जणांना अंगणात बोलावून शब्द घ्यावा, तसंच हे.

फ्रान्सकडचं एक उदाहरण तर मुलांना हसवतं. तेराव्या शतकातल्या तूलच्या जाँ नावाच्या सरदाराने एकाच वेळी चार धन्यांकडून जमीन घेतली होती. त्यातले दोघे आपसांत लढले तर काय, याची तजवीज त्याने लेखी करून ठेवली. ग्रांप्रेचा काउंट स्वतःच्या भांडणासाठी शँपेनच्या काउंटशी लढला, तर जाँ स्वतः ग्रांप्रेकडून लढणार. आणि शँपेनच्या जमिनीपोटी जे स्वार द्यायचे, ते शँपेनकडे पाठवणार. म्हणजे आपलीच माणसं समोरच्या फळीत!

उपमा इथवर छान चालते, आणि म्हणूनच फसवते. आजोबा, काका, ते पाच जण, सगळ्यांनी आपापल्या मर्जीने शब्द दिलाय. त्यामुळे मुलाचा निष्कर्ष ठरलेला: "मग हा सौदा बराच आहे की!" पण कलमांना आळी करणारा, खत घालणारा माणूस या गोष्टीत आलेलाच नाही. युरोपातला भूदास जमिनीला बांधलेला होता. जमीन दुसऱ्याला दिली की तिच्याबरोबर तोही जायचा. आठवड्यातले काही दिवस धन्याच्या शेतात फुकट राबायचं, दळण धन्याच्याच गिरणीत दळायचं आणि त्याचा मोबदला द्यायचा, मुलीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे मोजायचे. त्याला कुणी शब्द विचारला नव्हता.

मराठी मुलाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. 'सरंजामशाही' हा शब्दच मुळात एक उपमा आहे. मराठेशाहीत सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदाराला नेमून दिलेला महसूल. जमिनीचा मालक सरदार नसे आणि मिरासदार शेतकऱ्याचा हक्क आपल्या जागी असे. सरदार सैन्य बाळगतो एवढं साम्य पाहून युरोपच्या व्यवस्थेला हे नाव चिकटलं. म्हणून शिंदे-होळकरांचं नाव ऐकलं की मूल त्यांच्या प्रदेशात भूदास शोधू लागतं.

उपमा नीट पोचली की नाही, हे पाहायला तीच मोडायला सांगावी: "आंबराईत काय जुळत नाही?" एखादं मूल म्हणतं, "गडी कलमं टाकून मुंबईला जाऊ शकतो." बरोबर. मग त्याला सांगता येतं की भूदासही पळत. इंग्लंड-जर्मनीतल्या कित्येक शहरांत असा रिवाज होता की पळून आलेला माणूस वर्ष आणि एक दिवस धन्याच्या हाती न लागता तिथे राहिला, तर तो मोकळा.