ऑफर लेटर पाठवण्याआधी: आकडा, तारीख आणि हुद्दा

आज आम्ही दोघी तुमच्याशी बोलणार आहोत. आमच्या महिला गटाचं मसाले आणि पापडाचं युनिट आहे. पंचवीस जणी पगारावर आहेत, आणि ऑफिसचं टपाल, हजेरी, पगारपत्रक हे सगळं आम्ही दोघी बघतो. नव्या बाईला कामावर घ्यायचं ठरलं की तिला पाठवायचं ऑफर लेटरही आम्हीच तयार करतो. तुमच्यापैकी कितीतरी जणी बचत गटाच्या, पतपेढीच्या, शाळेच्या ऑफिसात हेच काम करतात. म्हणून आधी आमची एक चूक सांगतो.

२०२३ मध्ये आम्ही स्टोअर सांभाळायला एका ताईंना घेतलं. त्यांची आधीची नोकरी चालू होती. आमचं पत्र हातात पडल्यावर त्यांनी ती सोडली. पहिला पगार झाला आणि दुसऱ्या दिवशी त्या पासबुक घेऊन ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "अहो, माझ्या हिशेबापेक्षा ३,६०० रुपये कमी आलेत. सुट्टी तर एकही घेतली नाही." आम्ही पगारपत्रक काढून पाहिलं. पगार बरोबर होता. चूक होती ती आमच्या पत्रात. पत्रात फक्त वर्षाची एकूण रक्कम लिहिली होती. ताईंनी तिला बारांनी भागलं होतं आणि तेवढे पैसे हातात येतील असं धरून मुलीच्या क्लासची फी ठरवली होती. त्यांची जुनी जागा तोवर भरली गेली होती. आठ महिने त्या राहिल्या, मग गेल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही पत्र तपासायची रीतच बदलली. पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, अकाउंट्स विभागासाठी पत्र करायचं होतं. त्याच पत्रावरून ती रीत सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे, पत्र पत्राशीच ताडून बघायचं नाही. आपण काय करतो? मागच्या वर्षीचं पत्र उघडतो, दुसऱ्या नावानं सेव्ह करतो, नाव-पत्ता बदलतो आणि वाचून काढतो. वाचताना सगळं बरोबरच वाटतं, कारण वाक्यं ओळखीची असतात. म्हणून आम्ही आधी तीन कागद टेबलावर काढून ठेवतो: समितीनं पगार आणि पद मंजूर केलेला ठराव, त्या बाईंचा अर्ज आणि भिंतीवरचं कॅलेंडर. पत्रातला प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख यांतल्या एका कागदावर बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. दाखवता आली नाही, तर ती कुठून आली हे आधी शोधायचं.

आता पगार. ठरावात लिहिलं होतं: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, घरभाडे भत्ता ८,०००, एकूण महिना २३,०००. वर्षाचे झाले २,७६,०००. शिवाय पीएफ. बाईंच्या पगारातून १५,००० चे बारा टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात, आणि तेवढेच १,८०० गट आपल्या बाजूनं भरतो. गटाच्या बाजूचे वर्षाला २१,६०० होतात. ते २,७६,००० मध्ये मिळवले की २,९७,६०० होतात. हल्ली याच रकमेला पॅकेज म्हणतात.

आता २,९७,६०० ला बारांनी भागा. २४,८०० येतात. पण हातात किती येणार? २३,००० मधून बाईंच्या पीएफचे १,८०० गेले की २१,२००. फरक बरोबर ३,६०० चा. हेच ते आमच्या स्टोअरवाल्या ताईंचे पैसे! १,८०० त्यांच्या वाट्याचे, १,८०० गटाच्या वाट्याचे. पैसे कुठे बुडत नाहीत, त्यांच्याच पीएफ आणि पेन्शनकडे जातात. पण किराणा भरायला ते महिन्याच्या महिन्याला हातात येत नाहीत.

म्हणून आता पत्रात आम्ही तीन ओळी वेगवेगळ्या लिहितो: महिन्याचा एकूण पगार २३,०००, नेहमीची कपात होऊन हातात येणारी अंदाजे रक्कम २१,२००, आणि गटाचा पीएफ धरून वर्षाचा एकूण खर्च २,९७,६००. तपासताना कॅल्क्युलेटरवर उलटं जायचं. वर्षाच्या रकमेतून गटाचा पीएफ वजा करा, बारांनी भागा, ठरावातला महिन्याचा पगार यायला हवा. आला नाही, तर कुठेतरी एक आकडा जुना राहिलाय.

आमच्या पत्रात तसा राहिलाच होता. आकड्यात २३,००० आणि पुढे कंसात अक्षरी 'बावीस हजार'. मागच्या पत्रातली अक्षरं तशीच राहिली होती. डोळा आकडा बघतो आणि अक्षरांवरून घसरतो. चेकवर असा फरक पडला तर कायदा अक्षरी रक्कम मानतो. ऑफर लेटरला तसा सरळ नियम लावता येत नाही, पण वाद मात्र नक्की होतो. म्हणून अक्षरी रक्कम मोठ्यानं वाचायची.

कपातीबद्दल आणखी एक. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर लागत नाही. पुरुषाला २३,००० पगारावर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० लागतो. तेव्हा ड्रायव्हर दादांच्या पत्रावरून बाईंचं पत्र केलं, तर हातात येणारी रक्कम पुन्हा मांडायची.

आता तारखा. एका पत्रात चार तारखा असतात: पत्राची, होकार कळवायची, रुजू व्हायची आणि उमेदवारीचा काळ संपायची. त्या एकमेकींशी बांधलेल्या असतात. एक हलली की बाकीच्या हलवाव्या लागतात.

आमच्या मसुद्यात पत्राची तारीख होती २० जून, होकाराची २७ जून आणि रुजू व्हायची १ जुलै. कागदावर काही खटकत नाही. पण आम्ही अर्ज काढला. बाईंनी स्पष्ट लिहिलं होतं की सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल. २७ जूनला होकार देऊन त्या १ जुलैला कशा येणार? तिकडची नोटीस मोडून आल्या, तर तिकडे पगार अडकायचा किंवा अनुभवाचा दाखला अडकायचा. १ जुलै आली कुठून, तर जुन्या पत्रातून. समितीशी बोलून आम्ही रुजू व्हायची तारीख १ ऑगस्ट केली.

ती बदलली आणि उमेदवारीची तारीख मागेच राहिली. सहा महिने १ जुलैपासून मोजले तर ३१ डिसेंबरला संपतात. १ ऑगस्टपासून मोजले तर ३१ जानेवारी २०२५ ला. लक्षात ठेवा, पहिला दिवस धरून मोजायचं. १ ऑगस्ट ते १ फेब्रुवारी लिहिलं की सहा महिन्यांवर एक दिवस जास्त होतो, आणि कायम झाल्याची तारीख कोणती यावर पुढे घोळ होतो.

तारीख लिहिताना आम्ही महिना अक्षरात लिहितो आणि वार जोडतो: गुरुवार, १ ऑगस्ट २०२४. नुसतं ०१/०८ लिहिलं तर कुणी ते ८ जानेवारीही वाचेल. कॉम्प्युटरवर महिना आधी लिहायची पद्धत असतेच. वार लिहिला की तो कॅलेंडरवर बघावा लागतो, आणि वर्ष चुकलं असेल तर तिथेच कळतं. २०२३ मध्ये १ ऑगस्टला मंगळवार होता. वार जुळला नाही, तर वर्ष तपासा.

तिसरी गोष्ट हुद्दा. जाहिरातीत आम्ही 'अकाउंटंट' छापलं होतं. समितीनं मंजूर केलेलं पद होतं 'अकाउंट्स असिस्टंट'. मसुद्यात विषयाच्या ओळीत एक, मजकुरात दुसरं आणि पगाराच्या तक्त्यावर पुन्हा पहिलं. आम्हाला वाटलं, काम तर तेच आहे. पण बाईंना पुढे अनुभवाचा दाखला याच शब्दानं मिळणार, आणि पुढची नोकरी, पुढचा पगार त्या शब्दावर ठरणार. शिवाय अकाउंटंट म्हणून आलेल्या बाईला वाटेल की हिशेब अंतिम करायचा अधिकार आपला. इथे आल्यावर कळेल की वर आणखी एक अकाउंटंट आहे. अशी निराशा करण्यापेक्षा आम्ही फोन केला आणि सांगितलं, "ताई, जाहिरातीत शब्द वेगळा छापला गेला. पद असिस्टंटचं आहे, वरच्या अकाउंटंट ताईंना तुम्ही हिशेब दाखवायचा. पगार जो बोललो तोच." त्यांनी एक दिवस मागितला आणि मग हो म्हणाल्या. नाही म्हणाल्या असत्या, तरी जुनी नोकरी सोडण्याआधीच म्हणाल्या असत्या. हुद्दा तपासताना पत्रात तो शब्द जिथे जिथे आहे तिथे पेन्सिलनं गोल करा. सगळे गोल सारखे हवेत, आणि ठरावासारखे हवेत.

शेवटचं वाचन आम्ही दोघी मिळून करतो. जिनं पत्र टाइप केलं ती ठराव हातात धरते. दुसरी पत्र मोठ्यानं वाचते. टाइप करणारीनं स्वतःच वाचलं, तर ती मनातलं वाचते, कागदावरचं नाही. आणि वाचायची ती पाठवायची पीडीएफ, कॉम्प्युटरवरचा मसुदा नाही. वाचताना एक जरी दुरुस्ती निघाली तरी नवी पीडीएफ करून पगार, तारखा, हुद्दा पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं धरून आम्हाला वीस मिनिटं लागतात.

आणि पत्र गेल्यावर चूक दिसली तर? गुपचूप दुसरं पत्र पाठवू नका. दोन पत्रं हातात पडली की बाईंनी कोणतं खरं मानायचं? आधी फोन करा, चूक काय ते सांगा. मग नव्या तारखेचं सुधारित पत्र द्या आणि त्यात लिहा की अमुक तारखेचं आधीचं पत्र रद्द समजावं. चुकीनं जास्त पगार लिहिला गेला आणि बाईंनी सही करून नोकरीही सोडली असेल, तर तो प्रश्न नुसत्या सुधारित पत्रानं सुटत नाही. तो समितीपुढे न्या आणि बाईंनाही तिथे बोलवा.

आमच्या अकाउंट्सच्या ताई १ ऑगस्टला रुजू झाल्या. महिना संपल्यावर त्यांना बँकेचा मेसेज आला, २१,२०० जमा. त्या दिवशी ऑफिसात पासबुक घेऊन कुणी आलं नाही.