मजकुरातले पत्ते

पाण्याच्या पंपाचे शंभर पानांचे माहितीपुस्तक कोणी सलग वाचत नाही. गळती सुरू झाली की माणूस ते उघडतो आणि हवे तेवढेच शोधतो. त्याला वाट दाखवणाऱ्या तीन गोष्टी असतात: शीर्षक, क्रमांक आणि ‘अमुक भाग पाहा’ ही सूचना.

शीर्षकात कामाचे नाव असावे. ‘इतर माहिती’ किंवा ‘देखभाल’ यातून अनुक्रमणिका चाळणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘सील बदलणे’ लगेच कळते. क्रमांक सहसा तीन पातळ्यांपर्यंत पुरतात. ४.३.२ डोक्यात राहतो, ४.३.२.१.५ राहत नाही. चौथी पातळी लागत असेल, तर बहुधा प्रकरणच दोन ठिकाणी विभागायला हवे असते.

खरा घोळ होतो तो सूचनांमध्ये. समजा, चौथ्या प्रकरणात ४.१ तयारी, ४.२ पंप उघडणे आणि ४.३ सील बदलणे असे भाग आहेत. सातव्या प्रकरणात हाताने टंकलेले आहे: ‘गळती असल्यास ४.३ पाहा’. नव्या आवृत्तीत तयारीनंतर ‘वीजपुरवठा तोडणे’ हा भाग घातला. आता पंप उघडणे ४.३ झाले आणि सील ४.४ वर गेले. सातव्या प्रकरणातली सूचना मात्र तशीच राहिली. ४.३ हा भाग अस्तित्वात असल्यामुळे तपासनिसालाही चूक दिसत नाही.

म्हणून सूचनेतला आकडा टंकायचा नसतो. वर्डमध्ये शीर्षकांना `Heading 1`, `Heading 2` या शैली आणि त्यांना जोडलेले क्रमांक द्यावेत. सूचना `Cross-reference` वापरून घालावी. मग ती आकड्याऐवजी त्या शीर्षकाला बांधली जाते. भाग घातल्यावर शीर्षकांचे क्रमांक आपोआप सरकतात, सूचनांचे मात्र लगेच सरकत नाहीत. त्यासाठी `Ctrl+A` आणि मग `F9` दाबावे लागते. मूळ शीर्षकच पुसले गेले असेल, तर तिथे `Error! Reference source not found.` उमटते. छपाईपूर्वी `Error!` हा शब्द शोधून पाहावा. ‘सील बदलणे (४.४) पाहा’ असे नावासकट लिहिले, तर क्रमांक चुकला तरी वाचकाला ते कळते.

काही दस्तऐवजांत मात्र क्रमांक सरकवून चालत नाही, कारण बाहेरचे निकाल, पत्रे आणि पुस्तके त्यांचा हवाला देत असतात. भारतीय संविधानात २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा हक्क आला, तो २२ होऊन पुढचे सारे न ढकलता २१क म्हणून. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेच्या हक्काचा अनुच्छेद ३१ वगळला. तो क्रमांक दुसऱ्या कशाला दिला नाही आणि मालमत्तेविषयीची तरतूद ३००क वर गेली. यंत्राच्या पुस्तकातही दुरुस्ती-पत्रके किंवा सुट्या भागांच्या याद्या जुन्या क्रमांकांचा हवाला देत असतील, तर हीच रीत पाळावी: नवा भाग ४.१क म्हणून घालावा आणि वगळलेल्या भागाच्या जागी ‘वगळला’ एवढेच छापावे.