साखर, रक्तदाब, धूर आणि आंतरकर्ण

आंतरकर्णातला ऐकण्याचा अवयव म्हणजे कर्णावर्त. डॉक्टर त्याला कॉक्लिया म्हणतात. गोगलगाईच्या शंखासारखी ही नळी अडीच-पावणेतीन वेढ्यांची असते आणि सरळ केली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरते. तिच्यात सुमारे १५,००० केशपेशी ओळीने बसलेल्या असतात. आवाजाने आतला द्रव हलला की या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात, त्यातून विद्युत संदेश तयार होतो आणि तो मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. त्यामुळे आंतरकर्णात झालेले नुकसान भरून येत नाही, त्यात नवी भर तेवढी पडत जाते.

ही यंत्रणा चालते ती कर्णावर्ताच्या भिंतीवरच्या एका पट्ट्याच्या जोरावर. या पट्ट्यात केशवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि म्हणूनच त्याचे नाव स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचा पट्टा, असे आहे. हा पट्टा आतल्या द्रवात सतत पोटॅशियम सोडत राहतो आणि तिथे सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवून धरतो. कर्णावर्ताची बॅटरीच ती. हा दाब उतरला की केशपेशी शाबूत असूनही नीट काम करेनाशा होतात. पंपाचे हे काम अहोरात्र चालू असल्याने पट्ट्याला प्राणवायूही अखंड लागतो. तो पोहोचवणारी धमनी मात्र बारीक आणि एकुलती एक. ती अरुंद झाली तर शेजारच्या वाहिनीने रक्त पुरवावे अशी सोय आंतरकर्णात नाही.

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान या तिघांचा मारा नेमका अशा बारीक वाहिन्यांवर असतो. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि त्यांची आतली वाट अरुंद होते. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे आणि मूत्रपिंडाचे मधुमेहात जे होते तेच इथेही घडते. फरक एवढाच, की डोळ्याच्या वाहिन्या डॉक्टरांना बाहुलीतून थेट दिसतात आणि मूत्रपिंडाची कुरबूर लघवीच्या तपासणीत उमटते. आंतरकर्ण मात्र कवटीच्या अतिशय कठीण हाडात बंद असतो. जिवंत माणसात त्याचा तुकडा काढून तपासणे शक्य नसते. मधुमेहींच्या मृत्यूनंतर त्यांच्या कानाची हाडे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली, तेव्हा जाड झालेल्या वाहिन्या, झिजलेला पट्टा आणि कमी झालेल्या केशपेशी दिसल्या. जिवंतपणी एवढाच पुरावा हाती लागतो, की ऐकू कमी येते. अमेरिकेत १९९९ ते २००४ दरम्यान ७० वर्षांच्या आतील प्रौढांच्या श्रवणचाचण्या झाल्या. त्यात कमी आणि मध्यम पट्टीचे आवाज कमी ऐकू येणाऱ्यांचे प्रमाण मधुमेहींमध्ये सुमारे २१ टक्के निघाले, तर मधुमेह नसलेल्यांमध्ये ९ टक्के.

धूम्रपानाची तऱ्हा थोडी निराळी आहे. निकोटिनमुळे वाहिन्या आकसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनवर प्राणवायूची जागा अडवून बसतो. म्हणजे रक्त कमी पोहोचते आणि पोहोचते त्यातही प्राणवायू कमी असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील बीव्हर डॅम गावच्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांत श्रवणदोषाची शक्यता न करणाऱ्यांच्या सुमारे १.७ पट आढळली. हा अहवाल १९९८ सालचा. तंबाखू चघळणाऱ्याच्या रक्तातही निकोटिन जातेच, मात्र विडी-सिगारेटचे आकडे त्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण त्यात धूर नसतो.

रक्तदाबाविरुद्धचा पुरावा तिघांत सर्वांत कच्चा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सतत चढ्या दाबाने बारीक वाहिन्या कडक होतात यात वाद नाही, पण निव्वळ रक्तदाबाने बहिरेपण किती येते याबद्दल निरनिराळ्या पाहण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. बहुतेकदा तो एकटा येतही नाही. सोबत साखर, वय किंवा कारखान्यातला गोंगाट असतो.

हे नुकसान वेळीच का लक्षात येत नाही, हे एका नमुन्यावरून कळेल. समजा, एका ५२ वर्षांच्या कारकुनाला दहा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दिवसाला आठ-दहा सिगारेटी होतात. घरचे म्हणतात, ‘टीव्ही मोठा लावतात.’ त्याचे स्वतःचे म्हणणे, ‘ऐकू येतं, पण लग्नात-हॉटेलात कोण काय बोलतं ते कळत नाही.’ कान-नाक-घसा तज्ज्ञ कानात पाहतात, तर मळ नाही, पडदा छान. मग बंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओमेट्री होते. किती डेसिबलचा आवाज जेमतेम ऐकू येतो हे त्यात मोजतात. आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी. त्याच्या दोन्ही कानांचे आकडे सारखेच येतात: ५०० हर्ट्‌झला २० डेसिबल, १०००ला २०, २०००ला ३०, ४०००ला ५० आणि ८०००ला ६०.

पहिल्या तीन आकड्यांची सरासरी २३ निघते. सरासरी काढण्याची ही जुनी, अजूनही प्रचलित रीत आहे आणि २५पर्यंतचा आकडा तिच्यात ‘सामान्य’ धरला जातो. कारकुनाच्या कागदावरही तसाच शेरा पडू शकतो. त्याच सरासरीत ४००० हर्ट्‌झचा आकडा घेतला की ती ३० होते आणि दोष उघडा पडतो. तक्रारीचे मूळही तिथेच आहे. स्वर मोठे आणि खालच्या पट्टीतले असतात, ते त्याला ऐकू येतात. स, श, त, फ यांसारखी व्यंजने क्षीण आणि वरच्या पट्टीतली, ती आसपासच्या गलक्यात बुडतात. मग ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत घोटाळा होतो. म्हणून अहवालातल्या शेऱ्यावर न थांबता आलेखाची रेघ उजवीकडे कुठवर खाली उतरली आहे ते पाहावे.

अर्थात, उतरती रेघ वयाने येते आणि गोंगाटानेही येते. आलेख पाहून ‘हे साखरेचे काम’ असे कोणताही ऑडिओलॉजिस्ट ठामपणे सांगू शकत नाही. वयाच्या मानाने आधी आलेला, दोन्ही कानांत सारखा आणि हळूहळू वाढणारा दोष असेल, तर संशय या तिघांकडे वळतो, एवढेच. एकाच कानाची रेघ घसरली असेल तर कारण वेगळे असू शकते. तिथे श्रवणमज्जेची गाठ नाही ना, हे एमआरआय करून पाहतात.

साखर आटोक्यात आली किंवा सिगारेट सुटली, तरी गेलेल्या केशपेशी परत येत नाहीत. पुढची घसरण मात्र मंदावू शकते. वर उल्लेखलेल्या कारकुनाला दोन्ही कानांना, केवळ वरच्या पट्टीचे आवाज वाढवणारी श्रवणयंत्रे उपयोगी पडतील. मधुमेहाचे निदान झाल्यावर एकदा आणि नंतर दरवर्षी श्रवणचाचणी करावी, असा अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. एखाद्या दिवशी अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर ते या संथ झिजेत मोडत नाही. तिथे स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर फायद्याची शक्यता जास्त असते. स्टिरॉइडने साखर झपाट्याने चढते, त्यामुळे मधुमेहीने आपला आजार आणि चालू औषधे डॉक्टरांना आधीच सांगायची असतात.